पाठ टाचणातल्या सूचना विखुरल्या असतील तर: टप्पे कसे लावावेत आणि मिनिटे कशी जपावीत

कोकणातल्या शाळांमध्ये टाचणे हातोहात फिरतात. केंद्रातल्या एखाद्या शिक्षिकेने मेहनतीने बसवलेला पाठ शिक्षण परिषदेत वाटला जातो, मग तो फोनवरून दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही पोचतो. पाठ चांगला असतो, कृती चांगली असते, तरी दुसऱ्याच्या वर्गात तो तासिकेत मावत नाही. दोष बहुतेक वेळा आशयात नसतो, सूचना कागदावर ज्या क्रमाने सुचल्या त्या क्रमाने राहिलेल्या असतात. हाच बिघाड वारंवार दुरुस्त करताना जे तपासावे लागते ते इथे सोप्यापासून अवघडापर्यंत दिले आहे. आपल्या टाचणाचा दोष पहिल्या दोन तपासण्यांतच सापडला, तर पुढे जायची गरज नाही.

लक्षणे

मूल्यमापनाचे प्रश्न दर वेळी राहून जातात आणि ते "घरी सोडवून आणा" यात जमा होतात. शिकवताना टाचणाचे पान पुढे-मागे उलटावे लागते. साहित्य आधी वाटले जाते आणि त्याचे काय करायचे ते नंतर सांगितले जाते, त्यामुळे मुले कागद हातात घेऊन बोलत बसतात. तळाशी लिहिलेली "टीप" पाठ संपल्यावर नजरेला पडते. बदली शिक्षकाला तेच टाचण दिले तर तो पहिल्या दहा मिनिटांतच विचारायला येतो.

आणखी एक लक्षण आहे आणि ते आधी झालेल्या चुकीच्या दुरुस्तीचे असते: कोणीतरी टाचण नीटनेटके लिहून काढलेले असते, टप्पे सुबक असतात, पण बेरीज ४० ऐवजी ४५ मिनिटे भरते किंवा एखादी सूचना पार गायब झालेली असते.

नमुन्यासाठी एक टाचण

सगळ्या तपासण्या एकाच पाठावर दाखवतो. इयत्ता सातवी, भूगोल, घटक भरती-ओहोटी, तासिका ४० मिनिटांची. कच्चे टाचण असे आहे. वाक्यांना क्रमांक तेवढे दिले आहेत.

१. विद्यार्थ्यांचे चार-चारचे सहा गट करावेत.
२. धक्क्याची भरतीच्या वेळची व ओहोटीच्या वेळची अशी दोन छायाचित्रे दाखवून फरक विचारावा. ५ मि.
३. गटांनी आठवड्याच्या भरतीच्या वेळांचा तक्ता वाचून आलेख काढावा.
४. टॉर्च व दोन चेंडू घेऊन सूर्य, पृथ्वी, चंद्र यांच्या स्थिती दाखवाव्यात. उधाणाची आणि भांगाची भरती स्पष्ट करावी. १० मि.
५. तक्ता कसा वाचायचा ते आधी फळ्यावर एक उदाहरण घेऊन दाखवावे. ३ मि.
६. गटकामाला १२ मि. द्यावीत.
७. प्रत्येक गटाने एक निष्कर्ष सांगावा. ६ मि.
८. शेवटची ४ मिनिटे वहीत चार प्रश्न.
टीप:
९. छायाचित्रे आधीच लावून ठेवावीत.
१०. चेंडू दाखवताना खिडक्या लावून घ्याव्यात.
११. गट बसल्याशिवाय तक्ते वाटू नयेत.
१२. आलेख कागद नसल्यास चौकटीची वही वापरावी.
१३. काम चालू असताना प्रत्येक गटाकडे जाऊन "भरती रोज किती उशिरा येते?" हे विचारावे.

पहिली तपासणी: फक्त मिनिटांची बेरीज

लागते ते एक पेन्सिल आणि दोन मिनिटे. काहीही हलवण्याआधी टाचणातल्या प्रत्येक वेळेभोवती गोल करा आणि बेरीज करा. इथे ५ + १० + ३ + १२ + ६ + ४ = ४०. तासिकेशी तंतोतंत जुळते. ही बेरीज पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण दुरुस्तीच्या शेवटी हाच आकडा पुन्हा यायला हवा.

हे आधी करायचे कारण सरळ आहे. सूचना हलवताना माणूस नकळत मिनिटेही हलवतो. वाक्य ३ मध्ये आलेख काढायला सांगितले आहे पण वेळ नाही, वाक्य ६ मध्ये वेळ आहे पण कशाची ते फक्त "गटकाम" एवढेच. ही दोन्ही वाक्ये एकाच कामाची आहेत. घाईत लिहून काढणारा वाक्य ३ ला आपल्या अंदाजाने ५ मिनिटे देतो, वाक्य ६ ची १२ वेगळी धरतो, आणि पाठ ४५ मिनिटांचा होतो. कोपऱ्यातला ४० हा आकडा असेल तर ही चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

बेरीज करताना "त्यापैकी", "यातील", "शेवटची" असे शब्द आले की थांबून वाचा. "गटकामाला १५ मि., त्यापैकी ३ मि. वाचन" असे असेल तर ते १५ आहेत, १८ नव्हेत. वाक्य ८ मधली "शेवटची ४ मिनिटे" वाक्य ७ च्या सहामधली आहेत की तासिकेची शेवटची, हा प्रश्न इथे बेरजेनेच सुटतो: वेगळी धरली तरच ४० होतात.

बेरीज तासिकेपेक्षा कमी आली तर उरलेली मिनिटे कुठेही वाटून टाकू नका, "शिल्लक ३ मि." असे लिहून ठेवा; तिसऱ्या तपासणीत ती उपयोगी पडतील. जास्त आली तर पुढे जाऊ नका. कशाला कात्री लावायची हा पाठ लिहिणाऱ्याचा निर्णय आहे, मांडणी करणाऱ्याचा नव्हे. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

दुसरी तपासणी: टीप रिकामी करा

टाचणातली टीप ही सूचना ठेवायची जागाच नव्हे. "काळजी", "विशेष सूचना", "साहित्य वापर" अशा शीर्षकांखाली जे असते ते सगळे एखाद्या क्षणी करायचे असते, आणि तो क्षण येऊन गेला की ती सूचना निरुपयोगी ठरते. म्हणून टीपेतले प्रत्येक वाक्य उचलून ते ज्या कामाला चिकटते तिथे नेऊन लावा. बऱ्याच टाचणांचा दुखणेकरी भाग एवढ्यानेच बरा होतो.

कुठे चिकटवायचे हे ठरवताना तीनच जागा असतात: कामाच्या आधी, काम चालू असताना, काम संपल्यावर. "आधी" या शब्दाची विशेष काळजी घ्या, कारण तो कशाच्या आधी हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते, कागदावर नसते. वाक्य ९ मधले "आधीच" म्हणजे तासिकेची घंटा होण्याआधी. वाक्य ५ मधले "आधी" म्हणजे गटांनी तक्ता हातात घेण्याआधी, चेंडूंच्या प्रात्यक्षिकानंतर. ते जर प्रात्यक्षिकाच्याही आधी नेले तर काय होते पाहा: मुलांना तक्ता वाचायला शिकवले, मग दहा मिनिटे टॉर्च आणि चेंडू पाहिले, आणि गटात बसल्यावर तक्ता कसा वाचायचा ते निम्म्यांनी विसरलेले असते. मग शिक्षक सहा गटांना सहा वेळा तेच सांगत फिरतो. सूचना आणि तिची कृती यांच्यामध्ये दुसरे काही येऊ नये, हा एक नियम पाळला तरी मधली बरीच मिनिटे वाचतात.

वाक्य १३ हे "चालू असताना"चे आहे. त्याला स्वतःची मिनिटे नाहीत, ती १२ मध्येच आहेत. गटामागे एक मिनिट धरले तर सहा गटांना ६ लागतात, म्हणजे मावते. हे मनातल्या मनात तपासून घ्यायचे, वेळ म्हणून वेगळे लिहायचे नाही.

"नसल्यास", "वेळ उरल्यास", "पाऊस असल्यास" अशा अटीच्या सूचना बहुधा चुकीच्या ठिकाणी असतात. त्यांच्यासाठी सोपी कसोटी: अट पूर्ण होते की नाही हे आपल्याला कधी कळते? आलेख कागद आहेत की नाहीत हे तासिकेच्या आधीच कळते, म्हणून वाक्य १२ तयारीत गेले पाहिजे. ते गटकामात ठेवले तर चौकटीच्या वह्या दप्तरातून काढण्यात १२ पैकी २ मिनिटे जातील. याउलट "एखादा गट आधी संपवेल तर त्याला पुढच्या आठवड्याची वेळ काढायला सांगा" अशी सूचना असती तर ती गटकामातच राहिली असती. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. प्रोजेक्टरवरच्या पाठात "वीज नसल्यास" ही अट तयारीतही हवी आणि त्या टप्प्यातही हवी.

तिसरी तपासणी: ज्याला वेळच दिलेला नाही असे काम

बेरीज ४० आली तरी पाठ ४३ मिनिटे चालतो, याचे कारण जवळजवळ नेहमी इथे सापडते. टाचणातून अशी कामे शोधा ज्यांत मुले जागेवरून उठतात, काही वाटले जाते, काही गोळा होते किंवा खोलीत काही बदलते. नमुन्यात अशी तीन आहेत: गट करणे, तक्ते वाटणे, खिडक्या लावणे. तिघांपुढेही मिनिटे नाहीत.

गट करायला २ ते ३ मिनिटे जातात. ती कुठून येणार? टाचणात वाक्य १ पहिले आहे, पण त्याचा अर्थ पाठाची सुरुवात गटांनी होते असा धरता येत नाही. लिहिताना ते पहिले सुचले इतकेच. वाक्य ११ सांगते की तक्ते वाटण्याआधी गट बसलेले हवेत. म्हणजे दोन जागा शक्य आहेत. गटकामाच्या तोंडावर गट केले तर ती मिनिटे बारामधून जातील आणि आलेखाला नऊच उरतील. तासिकेआधी, मधल्या सुटीनंतर आत येतानाच मुलांना गटाने बसवले तर चाळिसातले काहीच खर्च होत नाही. लिहिलेली वेळ जपायची असल्याने दुसरी जागा निवडायची.

पण या निवडीचा परिणामही पाहावा लागतो. बाके समोरासमोर लावून गट केले तर प्रात्यक्षिकाच्या वेळी निम्म्या मुलांची पाठ चेंडूंकडे असेल. बस्करपट्ट्यांवर बसणाऱ्या वर्गात ही अडचण नाही, मुले बसल्या जागी वळतात. बाकांच्या वर्गात गट जवळ बसवा पण तोंडे फळ्याकडेच ठेवा, आणि गटकामाला पुढच्या बाकावरच्या दोघांना फक्त मागे वळायला सांगा.

आता खिडक्या. टॉर्च म्हणजे सूर्य, त्यासाठी थोडा अंधार हवा, म्हणून वाक्य १०. पण खिडक्या उघडायच्या कधी हे कुठेच लिहिलेले नाही, आणि लगेच पुढे फळ्यावर तक्ता दाखवायचा आहे. खोलीची स्थिती बदलणारी सूचना आली की तिची उलटी सूचनाही हवी: लावल्या तर उघडा, वाटले तर गोळा करा, बाके हलवली तर परत लावा. ही उलटी सूचना मूळ टाचणात नसल्यामुळे ती आपली भर आहे, आणि भर वेगळी ओळखू यावी म्हणून तिच्यापुढे अधिकचे चिन्ह करा. मूळ लेखकाचे काय आणि आपले काय हे एकमेकांत मिसळले की पुढच्या वेळी कोणालाच खात्री राहत नाही.

वेळ न दिलेले काम कुठेच मावत नसेल तर त्याच्यापुढे "वेळ दिलेला नाही" असे स्पष्ट लिहा. अंदाजाचा आकडा लिहू नका. लिहिलेला आकडा पुढचा वाचणारा खरा मानतो.

चौथी तपासणी: टप्प्याची हद्द कुठे

इथपर्यंत सगळ्या सूचना योग्य क्रमाने आल्या. आता त्या किती टप्प्यांत तोडायच्या? प्रत्येक वाक्याचा एक टप्पा केला तर तेरा टप्पे होतात आणि शिक्षकाचे लक्ष वर्गापेक्षा कागदाकडे राहते. दोनच केले तर पुन्हा पहिला गोंधळ. तीनपैकी एखादी गोष्ट बदलली की नवा टप्पा धरा: काम कोण करतो आहे (शिक्षक की मुले), हातात काय आहे, आणि मुले कशी बसली आहेत. वाक्य ४ मध्ये शिक्षक चेंडू घेऊन दाखवतो, वाक्य ५ मध्ये तोच शिक्षक फळ्यावर तक्ता दाखवतो. साहित्य बदलले, म्हणून हद्द. वाक्य ३, ६, ११, १३ मध्ये काहीच बदलत नाही, म्हणून ते सगळे मिळून एक टप्पा.

पाठाचे पारंपरिक साचे, म्हणजे प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन, मूल्यमापन, गृहपाठ, हे या टप्प्यांना नावे म्हणून जरूर द्या, विशेषतः छात्राध्यापकांच्या सरावपाठात ती द्यावीच लागतात. पण साच्यात बसवण्यासाठी वेळ तोडू नका. हेतुकथन हे एखाददुसरे वाक्य असते; त्याला वेगळी २ मिनिटे देऊन ती प्रस्तावनेच्या पाचातून काढली तर छायाचित्रांवरची चर्चा अर्धवट तुटते. हेतुकथन प्रस्तावनेच्या टप्प्याचे शेवटचे वाक्य म्हणून लिहिले की दोन्ही साधते. गृहपाठ मूळ टाचणात नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा.

प्रत्येक टप्प्यापुढे दोन वेळा लिहा: मूळ मिनिटे आणि धावती वेळ. मूळ मिनिटे टाचणाशी ताडून पाहायला, धावती वेळ वर्गात घड्याळाकडे पाहून आपण मागे आहोत का ते कळायला. आपला नमुना असा होतो:

| टप्पा | मूळ वेळ | धावती वेळ | सूचना |
|---|---|---|---|
| तयारी (घंटेआधी) | – | – | ९, १२, १ |
| १. छायाचित्रे व प्रश्न | ५ मि. | ० ते ५ | २ |
| २. टॉर्च-चेंडू प्रात्यक्षिक | १० मि. | ५ ते १५ | १०, ४, + खिडक्या उघडणे |
| ३. तक्ता वाचण्याचे उदाहरण | ३ मि. | १५ ते १८ | ५ |
| ४. गटात आलेख | १२ मि. | १८ ते ३० | ११, ३, ६, १३ |
| ५. गटांचे निष्कर्ष | ६ मि. | ३० ते ३६ | ७ |
| ६. वहीत चार प्रश्न | ४ मि. | ३६ ते ४० | ८ |

आता दोन गोष्टी मोजा. मूळ वेळांची बेरीज: ४०. सूचनांचे क्रमांक: एक ते तेरा, प्रत्येक एकदाच आलेला. एखादा क्रमांक दोनदा आला तर काम दोनदा होईल, एखादा आलाच नाही तर ते हरवले. वाक्यांना सुरुवातीला क्रमांक द्यायचे ते यासाठीच.

टप्प्याच्या आत लिहिताना वाक्ये करण्याच्या क्रमाने आणि शक्यतो एका वाक्यात एकच काम. चौथा टप्पा पूर्ण लिहिला की असा दिसतो:

टप्पा ४. गटात आलेख. १२ मि. (१८ ते ३०)
गट बसले आहेत याची खात्री करा. मग प्रत्येक गटाला एक तक्ता द्या. गट तक्ता वाचून आडव्या अक्षावर वार आणि उभ्या अक्षावर भरतीची वेळ घेऊन आलेख काढेल. काम चालू असताना प्रत्येक गटाकडे एकदा जा आणि विचारा: "भरती रोज किती उशिरा येते?"
+ अपेक्षित उत्तर: सुमारे ५० मिनिटे. "पाऊण तास" हेही चालेल.

अक्ष कोणते हे मूळ वाक्य ३ मधल्या आठवड्याच्या भरतीच्या वेळांच्या तक्त्यातूनच येते, म्हणून ते भर नाही. अपेक्षित उत्तर मात्र भर आहे. ते लिहिलेले बरे, कारण समुद्रावर जाणाऱ्या घरांतली मुले तिथीचा ठोकताळा सांगतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. त्या हिशेबाने रोजचा फरक ४५ मिनिटे येतो, आणि तक्त्यावरून ५० च्या आसपास. पाठ नवा असलेला शिक्षक मुलाचे उत्तर चूक ठरवेल, म्हणून तिथेच लिहून ठेवावे.

पाचवी तपासणी: पटसंख्या बदलली तर

आपल्याकडे सातवीच्या वर्गात २४ मुले असतीलच असे नाही. अनेक वाड्यांच्या शाळांत अकरा असतात, कधी सहा. टाचणातली मिनिटे पटावर अवलंबून आहेत की नाहीत हे टप्प्याटप्प्याने पाहा. पाचव्या टप्प्यात सहा गटांना ६ मिनिटे, म्हणजे गटामागे एक. अकरा मुलांचे तीन गट झाले तर कोणी म्हणेल तीन मिनिटे पुरेत. तसे करू नका. टप्पा ६ मिनिटांचाच ठेवा, गटाला दोन मिनिटे मिळतील आणि निष्कर्षासोबत कारणही सांगता येईल. मिनिटे कायम आणि गटामागचा वाटा बदलता, असे टप्प्यापुढे लिहा: "६ मि. (गटामागे समान)".

पट मोठा असेल तर उलट अडचण येते. चाळीस मुलांचे दहा गट झाले तर गटामागे जेमतेम अर्धे मिनिट पडते आणि चौथ्या टप्प्यात दहा गटांकडे जायला बारातली दहा मिनिटे जातात. तेव्हा गट मोठे करा, म्हणजे पाच-सहा जणांचे सात गट. तरीही जुळत नसेल तर तो पाठ त्या वर्गासाठी नाही.

सहावी तपासणी: कोऱ्या नजरेने वाचन

पाठ न लिहिलेल्या सहकाऱ्याला कागद द्या आणि घड्याळ लावून फक्त मोठ्याने वाचायला सांगा, प्रत्येक सूचनेला हातांनी अभिनय करत. सात-आठ मिनिटे पुरतात. तो जिथे अडखळतो, "हे कोणी करायचे?" किंवा "चेंडू कुठे ठेवले?" असे विचारतो, तिथे सूचना अजून अपुरी आहे. बहुतेक वेळा अडखळण्याची जागा टप्प्याच्या सुरुवातीला असते, कारण मागच्या टप्प्यातले साहित्य हातातून कधी सुटले ते लिहिलेले नसते. आपण स्वतः वाचून ही चूक सापडत नाही, गाळलेले आपण मनातच भरून घेतो.

सातवी तपासणी, सगळ्यात अवघड: एक खोली, दोन वर्ग

द्विशिक्षकी शाळेत सहावी आणि सातवी एकाच खोलीत असेल तर दोन टाचणे शेजारी-शेजारी दोन रकान्यांत, एकाच धावत्या वेळेवर मांडावी लागतात. इथे मिनिटे जपणे म्हणजे शिक्षकाची मिनिटे मोजणे. आपल्या पाठात टप्पा १, २, ३ मिळून पहिली १८ मिनिटे आणि टप्पा ५ ची ६ मिनिटे शिक्षक सातवीला बांधलेला आहे. टप्पा ४ च्या बारापैकी गटांकडे फिरण्याची ६ सुद्धा गेली. मोकळी राहतात ती चौथ्या टप्प्यातली ६ आणि शेवटची ४, एकूण १०, आणि तीही सलग नाहीत.

म्हणून सहावीच्या टाचणात शिक्षकाने समोर उभे राहून शिकवण्याचा सलग टप्पा सहा मिनिटांहून मोठा असेल तर हे दोन पाठ एका तासिकेत बसत नाहीत, मांडणी कितीही सुरेख केली तरी. सहावीला त्या वेळी सरावाचा पाठ घ्या, पहिल्या १८ मिनिटांचे काम आधी फळ्यावर लिहून ठेवा, आणि दोन्ही रकान्यांत शिक्षक कुठे आहे ते प्रत्येक ओळीत लिहा. एकाच ओळीत दोन्हीकडे "शिक्षक" आला की तिथे पाठ मोडणार हे कागदावरच दिसते.

थांबायचे कधी आणि कोणाला विचारायचे

बेरीज तासिकेपेक्षा जास्त असेल तर मूळ लेखकाकडे जा. कोणता भाग गाळला तरी अध्ययन निष्पत्ती साधते हे त्यालाच माहीत असते. लेखक सापडत नसेल तर विषयाच्या साधनव्यक्तीला किंवा डाएटमधल्या विषय सहायकाला विचारा, आणि तोपर्यंत पाठ दोन तासिकांत घ्या.

आशयातच चूक दिसली, उदाहरणार्थ लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये ६ तासांचे अंतर लिहिले असेल (ते सुमारे १२ तास २५ मिनिटे असते), तर ती गुपचूप दुरुस्त करू नका. खूण करा आणि विषयशिक्षकाला दाखवा. तीच चूक तक्त्यात आणि प्रश्नांतही असण्याची शक्यता असते.

मार्गदर्शकाची सही झालेले सरावपाठाचे किंवा परीक्षापाठाचे टाचण सही झाल्यावर हलवू नका. नव्या मांडणीची प्रत वेगळी काढा आणि पुन्हा सही घ्या.

वर्गात दिव्यांग मूल असेल आणि टाचणात त्याच्यासाठी जास्तीचा वेळ लिहिला असेल तर तो सर्वसाधारण मिनिटांत मिसळण्याआधी विशेष शिक्षकाशी बोला. अंधार करण्याची सूचनासुद्धा काही मुलांना चालत नाही.

आणि टाचणात किनाऱ्यावरची क्षेत्रभेट असेल तर ती मांडणीच्या कामातून बाहेर काढा. तिथली वेळ ही मिनिटांची नसून ओहोटीची असते. सोमवारी सकाळी १० वाजता खडकांवर जाण्याचा पाठ गुरुवारवर ढकलला तर ओहोटी अडीच तासांनी पुढे गेलेली असेल, आणि टाचणातले "१० वाजता" तसेच राहिले तर मुले पाणी अजून ओसरायचे असताना खडकांवर उतरतील. त्या दिवसाची वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या, गावातल्या मच्छीमारांना विचारून खात्री करा, आणि मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय त्या पाठाची वेळ बदलू नका.